अपीलाशिवाय आउट

ओव्हर चालू असताना बोलायचं नाही. पेडणे तालुक्यातल्या त्या घरात हा नियम गौरवीला कळायला लागल्यापासून होता आणि तो कुणासाठीही वाकत नसे. मॅच टीव्हीवरची असो की गावच्या मळ्यावरची, बॉलर धाव घ्यायला वळला की तोंड बंद. जे काय सांगायचं ते ओव्हर संपल्यावर, फिल्डर जागा बदलतात तेवढ्या वेळात. गोठ्यात म्हैस व्यायली हे गौरवीची आई शेवंती एकदा धापा टाकत सांगायला आली, तर सगुणने हात वर करून तिला दोन बॉल उंबऱ्यातच थांबवलं होतं. त्यावरून शेवंतीने जो आठवडा रागात काढला, तो त्या घरात अजून म्हशीपेक्षा जास्त आठवला जातो.

सगुण म्हणजे गौरवीचा बाप. तुयेच्या औद्योगिक वसाहतीत एका औषधांच्या कारखान्यात त्याने आयुष्यभर पॅकिंगला काम केलं. सोमवार ते शनिवार गोळ्यांच्या पट्ट्या मोजायच्या आणि रविवारी बॉल मोजायचे, एवढाच काय तो बदल. भात कापून झालं की मळे मोकळे होतात, शेताचे कोपरे, म्हणजे तुकडे, सपाट होतात, चुन्याच्या रेघा पडतात आणि आसपासच्या गावांत टेनिस बॉलच्या टुर्नामेंटना ऊत येतो. तिथे सगुण अंपायर. तो खेळाडू म्हणून उभा राहिला असता तर गावाचा बराच वेळ वाचला असता, कारण तो फार लवकर आउट व्हायचा. पण अंपायर म्हणून उभं राहायला कुणीच तयार नसतं. उन्हात तापायचं, धाव नाही, विकेट नाही आणि संध्याकाळी दोन्ही संघांच्या शिव्या खायच्या. सगुणला ते आवडलं. का आवडलं हे त्याने कधी सांगितलं नाही आणि विचारायची कुणाला गरज वाटली नाही.

त्याचे काही रिवाज होते. मळ्यावर जाताना पांढरा शर्ट, डोक्याला पांढरी टोपी, बिनसाखरेचा कोरा चहा आणि डाव्या खिशात सहा काजूच्या बिया. बिया घरामागच्या एकाच झाडाच्या, दर मोसमात नव्या. जुन्या हलक्या होतात, बोटांना कळत नाहीत, असं त्याचं म्हणणं. ओव्हर सुरू झाली की सहाही बिया डाव्या मुठीत. एक बॉल पडला की एक बी उजव्या मुठीत. वाइड पडला तर हात दोन्ही बाजूंना पसरायचे आणि बी होती तिथेच ठेवायची, कारण वाइड मोजला जात नाही. नो-बॉलचंही तेच. डावी मूठ रिकामी झाली की ओव्हर. एका वर्षी शेवंतीने त्या बिया चुकून बाकीच्यांबरोबर भाजल्या आणि खाल्ल्यादेखील. त्या रविवारी सगुणने सहा खडे घेऊन अंपायरिंग केलं आणि घरी येऊन जेवताना एक अक्षर बोलला नाही.

गौरवी त्याची एकुलती. तिला त्याने घरासमोरच्या खळ्यात खेळायला शिकवलं. माडाच्या पिड्याची, म्हणजे झावळीच्या जाड देठाची, बॅट, तुळशीच्या बाजूला उभा केलेला जुना डबा हे स्टंप. बॉलरही सगुण, विकेटकीपरही सगुण आणि अंपायरही सगुणच. त्यामुळे अडचण अशी व्हायची की गौरवी आउट झाली तरी अपील कोण करणार? म्हणून सगुण आधी बॉलर होऊन ‘हावझॅट’ म्हणून ओरडायचा, मग घसा खाकरून दोन पावलं बाजूला व्हायचा, चेहरा गंभीर करायचा आणि अंपायर होऊन बोट वर करायचा. शेजारीपाजारी हसायचे. सगुण हसायचा नाही. ‘अपील केल्याबगर अंपायर आउट देवचो नाय,’ तो सात वर्षांच्या पोरीला सांगायचा, ‘डोळ्यांनी बघितला तरी नाय. कोणी इचारूक होया.’

याच्या जोडीला एक दुसरी गोष्ट त्याने शिकवली होती. बॅटीला बारीक लागून कॅच गेला आणि कुणाला कळलं नाही, तर बॅट काखेत धरायची आणि चालू पडायचं. अंपायरकडे बघायचंसुद्धा नाही. आपल्याला आवाज आला ना, मग झालं. गौरवी खळ्यात कितीदा अशी चालली असेल त्याला गणती नाही. पुढे ती बापाबरोबर मळ्यामळ्यांवर जायला लागली, रेघेबाहेर बसून बोटांच्या पेरांवर बॉल मोजायला लागली, आणि ओव्हर संपली की बाप तिच्याकडे बघायचा. ती मान हलवायची. तिच्या मोजण्याची त्याला गरज नव्हती, तरी बघायचा.

आता ती डिचोलीत सासरी असते. वीज खात्याच्या कचेरीत काम करते आणि नवरा महेश वास्कोला बंदरावर आहे, रविवारीसुद्धा ड्युटी लागते. सगुण निवृत्त झाला, पण रविवार निवृत्त झाले नाहीत. फक्त गेल्या पावसाळ्यापासून शेवंती फोनवर अधूनमधून काहीबाही सांगायची. गॅस चालू ठेवून बाजारात गेला. पाव आणणाऱ्या पोदेराला सकाळी सांगून संध्याकाळी परत सांगितलं आणि घरात दुप्पट पाव झाले. गौरवी म्हणायची, वय झालं, होतं असं. शेवंती म्हणायची, होय, होता असा. आणि दोघी दुसरं काहीतरी बोलायला लागायच्या.

मग गावच्या टुर्नामेंटची सेमीफायनल झाली. गौरवी रेघेबाहेर बसली होती, पेरांवर मोजत. अशीच मधली एक ओव्हर. दुसरा बॉल वाइड पडला, सगुणने हात पसरले आणि हात खाली घेताना डाव्या मुठीतली बी उजवीत सरकली. गौरवीने ते पाहिलं. तिला वाटलं, आता लक्षात येईल, परत सरकवेल. पाच बॉल झाले आणि सगुणने ओव्हर दिली. बॉलर टोपी घ्यायला आला, फिल्डर इकडून तिकडे गेले. स्कोअर लिहिणाऱ्याला वाइड सोडून पाचच खुणा दिसल्या, पण आपणच एक लिहायची विसरलो असं समजून तो रिकाम्या जागी एक टिंब टाकून मोकळा झाला. अंपायर सगुण आहे म्हटल्यावर चूक आपलीच असणार. कुणी काही बोललं नाही. बोललं असतं तरी उपयोग नव्हता, कारण कायदा तसा आहे. अंपायरने मोजायला चूक केली तर त्याने मोजली तीच ओव्हर. बॅटिंग करणारा संघ शेवटी जिंकलाही, तेव्हा नुकसान कुणाचंच झालं नाही.

ओव्हर संपल्यावर सगुणने सवयीने तिच्याकडे पाहिलं होतं. तिने मान हलवली होती. संध्याकाळी खळ्यात पाय धुताना त्याने विचारलंसुद्धा, ‘ती वाइडीची ओव्हर बरोबर झाली मगे?’ गौरवी म्हणाली, ‘बरोबर.’

क्रिकेटमध्ये बापाशी ती पहिल्यांदा खोटं बोलली. रात्रभर तिला ते लागून राहिलं. आणि फायनल पुढच्या रविवारी, तीही यूट्यूबवर लाइव्ह. वरचावाडा विरुद्ध मांद्रे. हजार मोबाइल. तिथे बाबाने परत बी सरकवली तर लोक काय सोडतील? तीस वर्षं अंपायर म्हणून उभा राहिलेला सगुण एका संध्याकाळीत चेष्टेचा विषय होईल आणि ती चेष्टा कोणीही कधीही परत लावून बघेल. डिचोलीला पोचल्यावर तिने टुर्नामेंटच्या सेक्रेटरीला, रुद्रेशला फोन केला. बाबाची तब्येत बरी नाही, फायनलला उभा करू नका, पण मी सांगितलं असं म्हणू नका. रुद्रेश भला माणूस. त्याला खोटं अजिबात बोलता येत नाही. तो दुसऱ्याच दिवशी सगुणकडे गेला, ‘सगुणकाका’ऐवजी ‘सर’ म्हणाला, फायनलला तुमचा सत्कार ठेवलाय, तेव्हा तुम्ही पाहुण्यांच्या खुर्चीवर बसायचं, असं एका दमात बोलला आणि चहा न घेता पळाला.

फायनलच्या दिवशी गौरवी दुपारीच आली. सगुण पांढरा शर्ट घालून तयार होता. टोपी मात्र खुंटीला. बिया खिशात होत्या, ते चालताना ऐकू येत होतं.

‘महेश खंय?’ त्याने विचारलं.

‘वास्कोक. ड्युटीर.’

मांडवात पुढच्या रांगेत दोन लाल प्लास्टिकच्या खुर्च्या ठेवल्या होत्या. सगुणने त्या उचलून मांडवाबाहेर, कालव्याच्या बांधाला लागून, बॉलरच्या हाताच्या रेषेत नेऊन ठेवल्या. सत्काराचा पाहुणा उन्हात बसला. तिथून खेळपट्टी सरळ दिसते. एकदा बसलं की मॅच संपेपर्यंत जागा बदलायची नाही हाही एक रिवाज होताच, त्यामुळे माइकवरून कितीही वेळा ‘सगुणसर मांडवात या’ म्हटलं तरी तो उठणार नव्हता.

मध्ये अंपायर म्हणून गौरेश उभा राहिला. चोवीस-पंचविशीचा, खिशात बोटाने दाबायचं मोजणीयंत्र. मांद्र्याने पहिली बॅटिंग घेतली. पहिला बॉल पडला. सगुणच्या उजव्या मुठीत पहिली बी गेली. गौरवीचा अंगठा पहिल्या पेरावर आला. बाप बॉल बघत होता, लेक बापाची मूठ बघत होती.

पहिली ओव्हर संपली. सहाला सहा.

‘गौरेश बरो उभो रवता,’ सगुण म्हणाला. ‘फक्त वाकता जास्त. पाठ धरतली.’

दुसरी ओव्हर. संपली.

‘आईन भजी दिल्यान हत. खातलंस?’ सगुणने विचारलं.

‘मागीर, डाव संपल्यार.’

मांद्र्याचा डाव असाच गेला. आठ ओव्हरींचा डाव म्हणजे मधल्या सात फटी, आणि प्रत्येक फटीत एक वाक्य. आयुष्यभर बाप-लेकीचं बोलणं याच मापाने झालं होतं. तिने कॉलेज सोडून नोकरी धरली ते तिने त्याला असंच सांगितलं होतं आणि महेशबद्दलही असंच. सहा बॉल त्याने त्यावर विचार केला होता आणि पुढच्या फटीत ‘बरो आसा’ म्हणाला होता. गौरवीला वाटायचं, इतर लोक घाईघाईने उत्तरं देतात म्हणून भांडतात. आज मात्र तिच्या पोटात एक वाक्य होतं आणि फटीमागून फट जात होती तरी ते बाहेर येत नव्हतं. बाबा, त्या दिवशी पाचच बॉल झाले होते. एवढंच तर म्हणायचं होतं.

पाचवी ओव्हर संपल्यावर सगुणने विचारलं, ‘महेश येवचो नाय?’

ती दचकली. ‘वास्कोक गेलो, बाबा.’

‘हां, हां.’

बी मात्र चुकली नाही. मांद्र्याचे एकाहत्तर झाले. बहात्तर हवेत. मध्यंतरात सोडा आला, भजी-पाव आला, लोक येऊन सगुणच्या पाया पडून गेले. रुद्रेश लांबून हात करत राहिला, जवळ आला नाही. सगुण त्याच्याकडे बघून बराच वेळ गालात हसत होता, ते गौरवीने पाहिलं आणि हातातला पाव परत कागदावर ठेवला.

वरच्यावाड्याचा साईश हा आजूबाजूच्या सगळ्या मळ्यांवरचा लाडका बॅट्समन. लांब केस, सैल शर्ट आणि बॉल कालव्यात घालवायची हातोटी. तो एका टोकाला उभा होता तोवर वरच्यावाड्याला काळजी नव्हती. सहाव्या ओव्हरीत मांद्र्याच्या बॉलरने एक बॉल त्याच्या अंगावर आत टाकला. साईशने बॅट फिरवली, बॉल पायांमागून गेला आणि विकेटकीपरने एका बाजूला झेप घेऊन तो पकडला. माइकवर आरडाओरड चालू होती, ढोल वाजत होता. बॉलरने चुकलं म्हणून डोकं धरलं. विकेटकीपरला वाटलं शर्टाला लागला, त्याने बॉल उडवून परत दिला. कुणी अपील केलं नाही. गौरेश हात मागे बांधून उभा होता. साईशने एकदा जमिनीकडे पाहिलं, बॅट आपटली आणि परत स्टान्स घेतला. पुढचा बॉल टाकायला बॉलर धावला आणि ती गोष्ट तिथे मेली, कारण त्यानंतर अपील चालत नाही.

सगुणची मान किंचित कलली होती, वर्षानुवर्षं आवाज ऐकताना कलायची तशी. तो बोलला नाही. ओव्हर चालू होती.

ओव्हर संपली. बावन्न झाले होते.

‘लागलो,’ सगुण म्हणाला.

‘माका पण वाटला.’

‘वाटला नाय. लागलो. त्याकाय म्हायत आसा.’ मग त्याने उजव्या मुठीतल्या सहा बिया डावीत घेतल्या आणि मळ्याकडे बघतच म्हणाला, ‘पण अपील नाय. अपील केल्याबगर आउट देवक येना नाय मगे?’

‘नाय येना.’

‘मग तू माका आउट कित्याक दिलंस?’

गौरवीला आधी कळलंच नाही. कळलं तेव्हा बॉलर धाव घ्यायला वळला होता.

आता सहा बॉल. नियम म्हणजे नियम, आणि आज तो मोडण्याची छाती तिला नव्हती. ती गप्प बसली आणि अंगठा पेरावर ठेवला. पहिल्या बॉलवर दुसऱ्या बॅट्समनने एक धाव काढली आणि साईश समोर आला. रुद्रेशने सांगितलं असेल? नाही, तो सांगणार नाही. सांगायची गरजच काय होती? त्या मळ्यावर सगुणबरोबर बॉल मोजणारं माणूस एकच होतं. पुढचा बॉल चुन्याच्या रेघेबाहेरून गेला. वाइड. गौरवीने बापाच्या हाताकडे पाहिलं. अंगठ्याने बी उचलली होती. मुठीच्या कडेपर्यंत आली. तिथे ती थांबली, आणि मग हळूच परत आत गेली. सगुणला आपल्यावर लक्ष आहे हे ठाऊक होतं. त्याच्या कपाळावर घामाचे थेंब आले होते आणि गौरवीला इतकी लाज वाटली की तिने नजर मळ्यावर वळवली. आपण बापाची परीक्षा घेत बसलोय आणि तो उन्हात बसून ती देतोय.

साईशच्या दोन धावा. मग रिकामा बॉल. मग साईशने सहा मारला, बॉल त्यांच्या डोक्यावरून कालव्यात गेला आणि तो शोधेपर्यंत खेळ थांबला. पोरं पाण्यात उतरली. ओव्हर संपली नव्हती, त्यामुळे हा वेळ बोलण्याचा नव्हता. दोघंही समोर बघत बसले. नवा बॉल आला. परत वाइड. बी हलली नाही. रिकामा बॉल, मग एक धाव, आणि ओव्हर. सहा बॉलांची ओव्हर आठ बॉलांची झाली होती आणि गौरवीला वाटलं, उत्तर द्यायला कुणाला इतका वेळ मिळू नये.

‘पाच झाले होते बाबा,’ ती म्हणाली. ‘वाइडीक तू बी सरकवलंस.’

‘म्हायत आसा. घराकडे येऊन टोपी काढताना याद इली. म्हणून तुका इचारलंय.’

‘मी बरोबर म्हटलंय.’

‘तू बरोबर म्हटलंस. आणि मग रुद्रेशाक फोन केलंस. माका इचारल्याबगर आउट दिलंस, गो. खळ्यात मी तुका कधी दिलंय असा?’

त्याच्या आवाजात राग नव्हता. राग असता तर बरं झालं असतं. बॉलर वळला होता.

शेवटच्या ओव्हरीत आठ हव्या होत्या. साईशने पहिल्याच बॉलवर दोन काढले. दुसरा चुकला. मळ्यावर ढोल थांबला होता, मोबाइल वर झाले होते. तिसऱ्याला चार. दोन हव्यात, तीन बॉल. चौथा यॉर्कर आला, साईशने कसाबसा थोपवला. पाचवा त्याने लाँगऑनच्या बाजूला ढकलला आणि दोघे धावत सुटले, एक झाली, दुसरी झाली, थ्रो आला तोवर साईशची बॅट रेघेत होती. वरचावाडा जिंकला. अख्खा मळा आत धावला.

सगुणने डावी मूठ उघडून तिच्यासमोर धरली. एक बी शिल्लक होती.

‘पाच बॉलांची ओव्हर,’ तो म्हणाला. ‘पण ही बरोबर.’

गौरवीने आपला अंगठा दाखवला. तोही पाचव्या पेरावर होता. तिचे डोळे भरले आणि तिने ते पुसले नाहीत. ‘बाबा, माका भिती वाटली. लोक हसतले म्हणून.’

‘लोक हसतले ह्यां माकाय वाटता,’ सगुण म्हणाला. ‘पण पुढे मी चुकलंय तर तू अपील कर. पाठीमागसून नाय. म्होरसून, मोठ्यान. मी आयकान.’

बक्षिसं सुरू झाली. साईशला मॅन ऑफ द मॅचचा कप सगुणच्या हस्ते द्यायचा होता. त्याआधी शाल, नारळ झाले. रुद्रेशने माइक पुढे केला आणि हळूच म्हणाला, ‘दोन शब्द, सर.’ सगुणला भाषण कधी येत नव्हतं. आयुष्यभर त्याने मळ्यावर जे काय बोलायचं ते हातांनी बोललेलं.

‘सेमीफायनलीत,’ तो माइकमध्ये म्हणाला, ‘माझी एक ओव्हर पाच बॉलांची झाली. वाइड मोजलंय. कोणाक कळूक नाय. पण माका आवाज इलो. पुढच्या वर्सापासून मी उभो रवचंय नाय. गौरेश बरो उभो रवता. फक्त वाकता जास्त.’

मग कुणीतरी टाळी वाजवली आणि सगळ्यांनीच वाजवली. साईश कप घेताना खाली बघत होता. सगुणने त्याच्या खांद्यावर हात ठेवला. मग तो मांडवातून उतरला आणि गर्दीतून सरळ चालू पडला. गौरवीच्या समोरून गेला तरी तिच्याकडे त्याने पाहिलं नाही. चालणारा बॅट्समन अंपायरकडे बघत नाही, हे तिला त्यानेच शिकवलं होतं.

घरी शेवंतीने फोनवर सगळं पाहिलं होतं. तिने चहा आज साखर घालून ठेवला. सगुणने शाल खुंटीला, टोपीच्या वर, अडकवली. खिशातल्या सहा बिया काढून तिच्यापुढे ठेवल्या आणि म्हणाला, ‘ह्यो भाज.’ शेवंतीने त्याच्याकडे पाहिलं, बिया पदरात घेतल्या आणि चुलीकडे गेली.

खळ्यात ऊन कलत होतं. तुळशीच्या बाजूला, जिथे डबा उभा असायचा, तिथे आता गौरवीची स्कूटर उभी होती. सगुण पायरीवर बसून चहा प्यायला. बराच वेळ त्याने मॅचमधलं एकेक परत सांगितलं, साईशचा सहा, विकेटकीपरची झेप, सगळं बिनचूक. मग कप खाली ठेवून त्याने विचारलं,

‘गौरवी, महेश खंय? इलो नाय?’

शेवंती स्वयंपाकघरात थांबली. कलथ्याचा आवाज बंद झाला. गौरवीच्या तोंडात वास्को आलं होतं, नेहमीच्याच सुरात, काही झालंच नाही अशा सुरात. तिने ते गिळलं. उठून उभी राहिली, दोन्ही हात वर केले आणि शेजाऱ्यांना ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने म्हणाली,

‘हावझॅट!’

सगुणने चमकून वर पाहिलं. मग त्याची मान किंचित कलली. आपण तेच आज तिसऱ्यांदा विचारलं, हे त्याला ऐकू आलं असावं.

तो उठला. पायरीवरची काठी उचलून काखेत धरली, आणि तिच्याकडे न बघता, सावकाश, घरात चालत गेला. आत शेवंतीने बिया भाजायला घेतल्या होत्या.

गौरवी खळ्यात उभी होती. तिने दोन पावलं बाजूला घेतली, घसा खाकरला आणि बोट वर केलं. ते खाली घ्यायला तिला बराच वेळ लागला.